पाठीवरचा आकडा आणि कापडाची साक्ष

विशेष प्रतिनिधी

कोलंबो येथे ३१ ऑगस्ट २०१७ रोजी श्रीलंकेविरुद्ध झालेल्या एकदिवसीय सामन्यात पालघरच्या शार्दुल ठाकूरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पदार्पण केले, तेव्हा त्याच्या गोलंदाजीपेक्षा अधिक चर्चा झाली ती त्याच्या पाठीवरच्या आकड्याची. त्याच्या जर्सीवर १० हा क्रमांक होता. सचिन तेंडुलकरने मार्च २०१२ मध्ये मीरपूरला आपला अखेरचा एकदिवसीय सामना खेळल्यानंतर हा क्रमांक कोणी घातलेला चाहत्यांच्या पाहण्यात नव्हता. समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली, नवोदित गोलंदाजाला नको नको ते ऐकावे लागले आणि पुढे तो ५४ क्रमांकाची जर्सी घालून खेळू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दहा क्रमांक यापुढे कोणास न देण्याचे अनौपचारिक रीत्या ठरल्याच्या बातम्या आल्या. महेंद्रसिंह धोनीच्या सात क्रमांकाबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये असेच वृत्त आले.

त्या दिवशीचे छायाचित्र खरे होते, हा या प्रकरणातील महत्त्वाचा भाग. परंतु तसेच एखादे छायाचित्र सामना न होता, जर्सी न शिवता, केवळ संगणकावर तयार झाले तर? एखाद्या नवोदित खेळाडूच्या पाठीवर दहाचा आकडा चढवून ते चित्र रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवरून सोडून दिले, तर सकाळपर्यंत त्या खेळाडूची काय अवस्था होईल, याची कल्पना २०१७ च्या अनुभवावरून सहज यावी. म्हणूनच जर्सीवरील नाव किंवा क्रमांक बदलण्याचे हे काम नेमके कसे चालते, ते कोठे फसते आणि सामान्य वाचकाला ते ओळखता येते काय, हा प्रश्न क्रीडापानापुरता राहिलेला नाही.

खेळाडूच्या पाठीवर नाव येण्याची प्रथा विश्वचषकात १९९२ साली रंगीत कपड्यांबरोबर आली. क्रमांक १९९९ च्या विश्वचषकात आले. कसोटीतील पांढऱ्या पोशाखावर नाव आणि क्रमांक ऑगस्ट २०१९ मध्ये, अ‍ॅशेस मालिकेपासून दिसू लागले आणि त्या वेळी जुन्या पिढीने नाके मुरडली. आज मात्र पाठमोऱ्या खेळाडूची ओळख प्रेक्षक आकड्यावरूनच पटवतो. हाच आकडा त्यामुळे चित्रातील सर्वांत बोलका आणि बदलायला सर्वांत मोहात पाडणारा भाग ठरला आहे.

बदल करणारे सगळेच लबाड असतात असे मुळीच नाही. आयपीएलमधील संघ हे काम उघडपणे करतात. संजू सॅमसन चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा राजस्थानकडे जाण्याची घोषणा १५ नोव्हेंबर २०२५ रोजी झाली. अशी घोषणा झाली की चाहत्यांना खेळाडू त्याच क्षणी नव्या रंगात पाहायचा असतो. खेळाडू मात्र तेव्हा भलत्याच शहरात, भलत्याच संघाकडून खेळत असतो आणि नवी जर्सी त्याच्या अंगावर चढायला काही आठवडे जावे लागतात. मधली पोकळी भरून काढतो तो संगणकासमोर बसलेला चित्रकार. हीच युक्ती घोषणेच्या आधी, नुसत्या अफवेच्या काळात, कोणीही वापरू शकतो. चाहत्याने हौसेने केलेले चित्र, संघाने अधिकृतपणे दिलेले चित्र आणि कोणाला तरी खाली पाडण्यासाठी केलेले चित्र या तिन्हींचे तंत्र एकच आहे. ‘चित्रात फेरफार आहे’ एवढे सिद्ध झाल्याने बातमी खोटी ठरत नाही आणि फेरफार दिसला नाही म्हणून ती खरीही ठरत नाही.

सुरकुतीत दडलेले गणित

काम वरवर पाहता सोपे वाटते. जुना आकडा पुसायचा, नवा टंकायचा. पण असा टंकलेला आकडा कापडावर छापल्यासारखा न दिसता काचेवर चिकटवल्यासारखा दिसतो. कारण पाठ सपाट नसते आणि कापड तर त्याहूनही नसते. जाणकार कारागीर म्हणूनच वक्रतेच्या तीन पातळ्या वेगळ्या करतात. पहिली पाठीची एकूण गोलाई. दुसरी कापडावरच्या उथळ चुण्या. तिसरी जेथे कापड स्वतःवरच दुमडून खालचा पट्टा झाकून टाकते ती खोल घडी. या तिन्हींना वेगवेगळी औषधे लागतात आणि बहुतेक फसवी चित्रे तिसऱ्या पातळीवर उघडी पडतात.

गोलाईसाठी आकड्यावर चौकटींची जाळी टाकून ती पाठीबरोबर वाकवली जाते. हे नजरेच्या अंदाजाचे काम आहे. उथळ चुण्यांसाठी फोटोशॉपसारख्या संगणकप्रणालीत ‘डिस्प्लेस’ नावाची सोय फार पूर्वीपासून आहे. तिची कल्पना मोठी चतुर आहे. जर्सीच्या मूळ छायाचित्राची करड्या रंगातील एक प्रत काढायची, ती थोडी धूसर करायची म्हणजे विणीचे बारीक ठिपके जाऊन केवळ चुण्या उरतील, आणि ती नकाशा म्हणून वेगळी जतन करायची. मग नवा आकडा त्या नकाशाबरहुकूम सरकवला जातो. संगणकासाठी काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. मधल्या १२८ च्या करड्या रंगावर आकडा जागचा हलत नाही. त्याहून गडद जागी तो एका बाजूस आणि उजळ जागी दुसऱ्या बाजूस सरकतो. प्रमाण १०० ठेवले तर हे सरकणे जास्तीत जास्त १२८ बिंदूंपर्यंत जाते, १० ठेवले तर साधारण १३ बिंदूंपर्यंत. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या आकाराच्या चित्राला पाच ते दहाचे प्रमाण पुरते. त्यापुढे गेले की आकडा पाण्याखाली बुडाल्यासारखा हलू लागतो.

यात एक मूलभूत गफलत मात्र आहे. नकाशा उंची मोजत नाही, उजेड मोजतो. चुणीची सूर्याकडची उतरण उजळ आणि पलीकडची गडद असते, म्हणून बहुतेक वेळा उजेडावरून उताराचा अंदाज बरा लागतो. पण कापडावर जे काही गडद आहे ते सारेच चुणी नसते. क्रिकेटमध्ये तर अशी फसवणूक पावलोपावली आहे. पाठीवर घामाचा मोठा गडद डाग असतो. क्षेत्ररक्षकाने सूर मारला की मातीचे पट्टे असतात. संगणकाला ही सगळी दरीच वाटते आणि घामाच्या डागाच्या काठावर आकड्याची सरळ रेष विनाकारण वाकते. आणखी एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. जुना आकडा पुसण्यापूर्वीच नकाशा काढला, तर जुना पांढरा आकडा त्यात पठारासारखा उभा राहतो. नवा आकडा त्या अदृश्य पठाराच्या कडांवर अडखळतो आणि नीट पाहिले तर जुन्या आकड्याची भुताटकी नव्याच्या वळणांत दिसते.

एकोणीसचे दहा

उदाहरण म्हणून एका काल्पनिक छायाचित्राचा विचार करता येईल. निळी जर्सी, पाठमोरा खेळाडू, पाठीवर पांढरा १९. तो उजवा हात उंचावून क्षेत्ररचना बदलतो आहे. ऊन डावीकडून येते आहे. हात वर गेल्याने उजव्या काखेपासून डाव्या कमरेकडे तिरक्या चुण्या पडल्या आहेत आणि त्यांतील एक घडी इतकी खोल आहे की जवळपास दोन सेंटिमीटर कापड तिच्याखाली झाकले गेले आहे. कोणाला या १९ चे १० करायचे आहेत.

त्याला एकाला हात लावावा लागणार नाही. जर्सीवर आकडे इंग्रजी वळणाचे असतात. नऊचे शून्य करायचे तर दोनच गोष्टी कराव्या लागतात. नऊच्या वरच्या कप्प्याला खालून बंद करणारी आडवी पट्टी पुसून तेथे निळे कापड दाखवायचे आणि डावीकडे खाली जी मोकळी जागा आहे तेथे पांढरी पट्टी आणून वेटोळे पूर्ण करायचे. कमीत कमी बदल म्हणजे कमीत कमी धोका, हा त्यामागचा हिशेब.

आधी रंगाचा प्रश्न. पांढऱ्याच्या जागी नुसता निळा रंग भरला तर तेथील सावली नाहीशी होते आणि चुणी मध्येच तुटते. येथे जुना आकडाच मदतीला येतो. कापडावर पडणारी सावली पांढऱ्या रंगालाही तितक्याच पटीने काळवंडते जितक्या पटीने निळ्याला. पांढरी पट्टी उन्हात २४० आणि चुणीत १५० एवढी उजळ असेल, तर चुणीत उजेड ०.६२५ पट झाला. निळे कापड उन्हात १६० असेल, तर त्याच चुणीत ते १०० असायला हवे. म्हणजे पांढऱ्याला पांढऱ्याच्या मूळ किमतीने भागायचे, हाती राहते ती निव्वळ सावली, तिला निळ्याने गुणायचे. डावीकडे नवी पट्टी चढवताना हाच हिशेब उलटा. निळे १०० दिसते तेथे पांढरे १५० असले पाहिजे. ‘मल्टिप्लाय’ या नावाने प्रणालीत जी मिश्रणाची पद्धत असते, ती हाच गुणाकार करते. मात्र निळ्या कापडाने थेट गुणले तर पांढरा आकडा निळाच होऊन बसतो. म्हणून आधी सावली वेगळी काढणे अटळ असते. जेथे पांढरे इतके झळकले की २५५ च्या मर्यादेला टेकले, तेथे सावलीची नोंदच शिल्लक नसते आणि तेथे कारागिराला अंदाजानेच रंगवावे लागते.

यानंतर आकडा कशाने छापला आहे हा प्रश्न येतो आणि येथे बहुतेक चित्रकार थांबून विचार करीत नाहीत. जर्सीवर आकडा येण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत उष्णतेने रंगाची वाफ करून तो पॉलिस्टरच्या धाग्यात मुरवला जातो. या पद्धतीत पांढरा रंग छापताच येत नाही. पांढरे दिसते ते न रंगवलेले मूळ कापड असते. त्यामुळे आकड्यावरही जर्सीचीच वीण, तीच छिद्रे, त्याच सुरकुत्या दिसतात. दुसऱ्या पद्धतीत आकड्याच्या आकारात कापलेला पातळ पापुद्रा गरम दाबाने कापडावर चिकटवतात. हा पापुद्रा कापडापेक्षा ताठ असतो. बारीक सुरकुत्या त्याच्यावर पडत नाहीत, त्या त्याच्या कडेशी येऊन थांबतात. उन्हात तो किंचित चकाकतो. आणि कापडाप्रमाणे तो घाम शोषत नाही. आजूबाजूची जर्सी घामाने काळीनिळी झाली तरी वरचा पांढरा आकडा पांढराच राहतो.

आपल्या उदाहरणात आकडा पापुद्र्याचा आहे असे धरले तर लबाडी करणाऱ्यापुढे दोन पेच उभे राहतात. जी आडवी पट्टी त्याने पुसली तेथील कापड आजवर पापुद्र्याने ताणून धरले होते. आता तेथे मोकळे निळे कापड दाखवायचे तर त्यावर शेजारच्यासारख्या बारीक सुरकुत्याही हव्यात. सावलीच्या गणिताने त्या मिळत नाहीत, कारण मूळ चित्रात त्या नव्हत्याच. परिणामी शून्याच्या पोटात एक गुळगुळीत आडवा पट्टा उरतो. दुसरा पेच घामाचा. डावीकडच्या नव्या पट्टीखालचे कापड ओले असेल आणि कारागिराने सावलीबरोबर ओलाव्याचा काळेपणाही उचलला, तर शून्याची डावी बाजू करडी आणि मूळची उजवी बाजू स्वच्छ पांढरी दिसते. एकाच पापुद्र्याच्या दोन बाजू अशा कधी दिसत नाहीत.

विणीचा पोत भरण्यासाठी शेजारचे कापड शिक्क्यासारखे उचलून दुसरीकडे उमटवण्याची सोय असते. ती घाईने वापरली की एकच नक्षी दोनदा दिसते. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरील हल्ल्याच्या एका छायाचित्रात धुराचे लोट याच पद्धतीने वाढवल्याचे वाचकांच्या लक्षात आले ते धुराची वेटोळी एकसारखी उमटल्यामुळे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्यानंतर त्या छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून मागे घेतली. कापडाच्या बाबतीत ही पुनरावृत्ती धुरापेक्षा लवकर लपते, कारण वीण मुळातच एकसारखी असते.

घडी कोणाचे ऐकत नाही

आता ती खोल घडी. ती उजवीकडून डावीकडे सुमारे तीस अंशांनी उतरते. वाटेत ती नऊचा उजवा दांडा बऱ्याच वर ओलांडते, मग डावीकडच्या मोकळ्या जागेतून, म्हणजे जेथे नवी पट्टी यायची आहे तेथूनच जाते, आणि शेवटी एकाचा दांडा खालच्या बाजूस ओलांडते. घडीखाली दोन सेंटिमीटर कापड दडले आहे. त्यावरचा छापील भागही त्याच्याबरोबर दडला आहे. एकाचा उभा दांडा म्हणूनच घडीपाशी सलग दिसत नाही. वरचा तुकडा घडीच्या काठाशी संपतो आणि खालचा तुकडा सुमारे एक सेंटिमीटर डावीकडे सरकून सुरू होतो. दांड्याची उंचीही त्या ठिकाणी पावणेदोन सेंटिमीटरने घटलेली असते. नऊचा उजवा दांडा त्याच घडीवर तशीच उडी मारतो, निदान जोवर घडीची खोली सारखी आहे तोवर.

हे दोन्ही दांडे मूळचे आहेत आणि त्यांना कोणी हात लावलेला नाही. त्यांच्या मधोमध शून्याची नवी डावी बाजू बसवायची आहे. तिनेही घडीपाशी तुटून, एक सेंटिमीटर डावीकडे सरकूनच पुढे गेले पाहिजे. ‘डिस्प्लेस’ने हे होत नाही. ती सोय बिंदूंना सलगपणे सरकवते, धूसर केलेला नकाशा वापरत असल्याने आणखीनच सलगपणे. ती रेष वाकवू शकते, पण रेषेचा दोन सेंटिमीटरांचा तुकडा गिळून टाकू शकत नाही. परिणामी डावीकडचा आणि उजवीकडचा दांडा घडीपाशी तुटतात आणि मधली पट्टी मात्र नागमोडी वळण घेऊन अखंड राहते. ज्याला फोटोशॉपचा गंधही नाही अशा माणसालाही बोटाने घडी शोधून, तिच्यावरून बोट फिरवत नेऊन हे पाहता येते.

निष्णात कारागीर अर्थातच हे जाणतो. तो आकड्याचे घडीच्या वरचा आणि खालचा असे दोन तुकडे करतो, मधला पट्टा कापून टाकतो, खालचा तुकडा मूळ दांड्यावरून मोजून सरकवतो आणि घडीच्या काठाची सावली खालच्या तुकड्यावर पुन्हा टाकतो. हे सारे हाताने, एकेका घडीसाठी. एका आकड्याला असे करायला चिकाटी लागते. सात-आठ अक्षरी नावाला त्याहून पुष्कळ अधिक, कारण नाव खांद्यांच्या हाडांवर येते, तेथे हात हलला की चुण्या सर्वाधिक पडतात आणि अक्षरांचे दांडे आकड्याच्या मानाने बारीक असल्याने एका घडीत अर्धे अक्षर गडप होऊ शकते. अफवा पसरवणाऱ्याला मात्र घाई असते. म्हणूनच अशा चित्रांत आकडा बरा जमलेला आणि नाव सपाट पाटीसारखे, किंवा नाव मुद्दाम केसांनी, टोपीने अथवा चौकटीने कापलेले असे अनेकदा आढळते.

घडीच्या या साक्षीचे मोल वाढते ते आणखी एका कारणाने. भ्रमणध्वनीवरून चित्र दहा जणांकडून फिरून आले की ते दर वेळी दाबले जाते. विणीचा पोत पुसट होतो, कडांची तीक्ष्णता जाते, चौकोनी ठिगळे दिसू लागतात. पोत आणि कडा यांवर विसंबलेल्या सगळ्या खुणा त्यात बुडतात. घडी मात्र आकड्याच्या मानाने मोठी गोष्ट आहे. रेष तुटली की सलग राहिली, हे धूसर चित्रातही कळते.

त्याचबरोबर या खुणेच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. खेळाडू ताठ उभा असेल, जर्सी अंगाला घट्ट असेल आणि प्रकाश समोरून पडत असेल, तर घडीच नसते आणि साक्षीदारही नसतो. चित्रकाराने संपूर्ण आकडाच बदलला असेल, तर तुलनेसाठी मूळ दांडा उरत नाही. मग जर्सीच्या बाजूची शिवण किंवा रंगीत पट्टी त्याच घडीवर कशी तुटते ते पाहावे लागते. उलटपक्षी, खऱ्या छायाचित्रातही पापुद्र्याचा ताठ आकडा कधी कधी इतका सपाट दिसतो की तो चिकटवल्याचा संशय यावा. केवळ ‘चुण्या दिसत नाहीत’ एवढ्यावरून निकाल देणारे समाजमाध्यमांवरील स्वयंघोषित तज्ज्ञ खऱ्या चित्रांनाही खोटे ठरवतात, हा या खेळातील दुसऱ्या टोकाचा धोका आहे.

अधिकृत संघांच्या चित्रांबाबतची परिस्थिती तर आणखी विचित्र म्हणावी लागेल. वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे पुरवणाऱ्या मोठ्या संस्था चित्रातील मजकुरात बदल करण्यास सक्त मनाई करतात. संघांच्या प्रसिद्धिविभागावर असे बंधन नसते, कारण त्यांच्या लेखी ते छायाचित्र नव्हे, जाहिरात असते. पण त्यांनी प्रसिद्ध केलेले चित्र थोड्याच वेळात वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बातमीसोबत चढते, आणि तेथे ‘संघाने प्रसिद्ध केलेले संगणकीय चित्र’ अशी ओळ क्वचितच दिसते. वाचकाच्या डोळ्याला मग सपाट आकड्याची आणि अखंड रेषेची सवय होते. उद्या त्याच प्रतीचे खोटे चित्र समोर आले तर ते त्याला खटकावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

आंतरराष्ट्रीय सामन्यापुरता तरी पडताळ्याचा एक मार्ग घडीपेक्षाही सोपा आहे. अशा सामन्यात एकाच क्षणी अनेक छायाचित्रकार सीमारेषेबाहेर बसलेले असतात आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे वेगळ्या कोनांतून चित्रण करीत असतात. चित्रातील प्रतिस्पर्धी संघ, मैदानावरचे फलक आणि जर्सीवरचा प्रायोजक यांवरून सामना ओळखता येतो. सप्टेंबर २०२५ मधील आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला होता, कारण ऑनलाइन जुगारासंबंधीच्या नव्या कायद्यानंतर आधीच्या प्रायोजकाशी असलेला करार संपला होता. त्या स्पर्धेतले म्हणून फिरणाऱ्या चित्रात छातीवर जुन्या प्रायोजकाचे नाव असेल, तर पाठीवरचा आकडा तपासण्याची गरजही उरत नाही. सामना एकदा कळला की त्याच खेळाडूचे त्या दिवशीचे दुसरे छायाचित्र शोधायला पाच मिनिटे पुरतात.

जिल्हा पातळीवरच्या, मैदानी स्पर्धांच्या बाबतीत ही सोय नसते. तेथे छायाचित्र एकच असते, तेही कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर काढलेले. दुसऱ्याच्या नावावर खेळाडू उतरवल्याची तक्रार झाली की तेच चित्र पुरावा म्हणून आयोजकांपुढे ठेवले जाते. अशा वेळी समितीने चित्राची फिरून आलेली प्रत न स्वीकारता ज्या भ्रमणध्वनीवर ते काढले त्यातील मूळ प्रत मागावी. त्या क्षणाच्या आगेमागे काढलेली आणखी चित्रे त्यात असू शकतात. हात खाली येतो, घडी सुटते आणि तिच्याखाली दडलेला आकड्याचा तुकडा पुढच्या चित्रात दिसतो.